मुलाखतीचं पहिलं मिनिट: दार, पाणी आणि उमेदवाराचा पहिला प्रश्न

महापे एमआयडीसीतल्या एका औषधी रसायनांच्या कंपनीला लॅबमध्ये प्रशिक्षणार्थी केमिस्ट हवा आहे, असं धरू. मुलाखत तीस मिनिटांची. घेणारे दोघं: लॅबच्या प्रमुख मॅडम आणि एचआरमधला एक जण. उमेदवाराचं नाव समजा मानसी, वय २२, बी.एस्सी. केमिस्ट्री नुकतंच झालेलं, आयुष्यातली दुसरीच मुलाखत. ती बदलापूरहून निघाली, ठाण्याला उतरली, पूल चढून नऊ-दहा नंबरला जाऊन ट्रान्स-हार्बर पकडली, कोपरखैरणेला उतरून रिक्षा केली. तुमच्या दारात ती पोहोचते तेव्हा दीड-दोन तासांची दगदग तिच्या अंगात असते. हातात प्लास्टिकची फाइल, पाठीवर सॅक, घसा कोरडा.

या मुलीला टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने घालून रंग बदलतो त्यावरून रसायनाचं प्रमाण काढणं, नीट येतं की नाही, हे तुम्हाला अर्ध्या तासात कळायला हवं. घाबरलेल्या अवस्थेत दिलेली पहिली दहा मिनिटांची उत्तरं तिला काय येतं हे सांगत नाहीत, ती किती घाबरली आहे एवढंच सांगतात. म्हणून पहिल्या मिनिटाची तयारी करायची, तीसुद्धा प्रश्नांच्या यादीइतक्याच काळजीने.

समोरच्याचा चेहरा काय करतो

माणसावर प्रयोगशाळेत ताण आणायचा असेल तर संशोधक काय करतात हे पाहिलं, की मुलाखतीत काय टाळायचं ते आपोआप समजतं. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर शहरातल्या संशोधकांनी एक चाचणी मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. त्यात माणसाला एका समितीसमोर उभं करतात आणि सांगतात, तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आला आहात, या जागेसाठी तुम्हीच योग्य कसे ते पाच मिनिटं बोला. मग १०२२ मधून १३ वजा करत जायला लावतात, तेही मोठ्याने. समितीला सूचना एकच: चेहरा कोरा ठेवायचा, मान हलवायची नाही, हसायचं नाही. एवढ्यावर बहुतेकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चांगलंच वाढतं.

पुढे २०१३ मध्ये याच चाचणीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिथेही समिती होती आणि बोलायचंही होतं, पण समिती मैत्रीने वागणारी, मान डोलावणारी, हसून प्रतिसाद देणारी. तिथे कॉर्टिसॉल तसं वाढलं नाही. म्हणजे खोली, टेबल आणि समोरचे अनोळखी लोक एवढ्यानेच माणूस गोठत नाही. कोऱ्या चेहऱ्यांनी न्याहाळलं जाणं हा त्यातला मोठा भाग आहे, आणि तो पूर्ण तुमच्या हातात आहे.

आपल्याकडे अनेक जण ‘तटस्थ’ राहायचं म्हणून चेहरा दगडासारखा ठेवतात. तटस्थपणा गुण देताना पाळायचा असतो. दार उघडताना कोरा चेहरा ठेवणारा माणूस नकळत ट्रियरचीच चाचणी घेत असतो.

दार उघडण्याआधीची पाच मिनिटं

पहिलं मिनिट बिघडतं ते बहुतेकदा आधीच्या पाच मिनिटांत. एक मुलाखत साडेअकराला संपते आणि दुसरी साडेअकराचीच लावलेली असते. मग उमेदवार आत येतो तेव्हा तुम्ही आधीच्याचे गुण लिहीत असता, मान खाली असते आणि ‘बसा, दोन मिनिटं’ एवढंच तोंडातून निघतं. ती दोन मिनिटं समोरच्याला फार लांब वाटतात. दोन मुलाखतींमध्ये किमान दहा मिनिटांची फट ठेवा: पाच गुण लिहायला, पाच पुढच्याच्या तयारीला.

या पाच मिनिटांत बायोडाटा पुन्हा वाचा आणि त्यातली एकच गोष्ट पेन्सिलने अधोरेखित करा. तुमचा पहिला प्रश्न तिथून येणार आहे. नावाचा उच्चार पक्का करा. बायोडाटा इंग्रजीत असतो, त्यामुळे मानसी की मनसी, काळे की काले हे अक्षरांवरून कळत नाही. वेळ कळवायला फोन केला तेव्हाच एचआरने विचारून देवनागरीत लिहून ठेवलं, तर दारात अडखळायला होत नाही. पहिल्याच वाक्यात आपलं नाव चुकीचं ऐकलं, की नवखा उमेदवार ते दुरुस्त करत नाही. गप्प बसतो आणि पुढेही गप्पच राहायचं हे तिथेच ठरवतो.

खुर्ची कुठे आहे ते पाहा. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि तुमचे चेहरे त्याला काळे दिसतात. खुर्ची थोडी तिरकी वळवली तरी पुरतं. एसीचा झोत थेट तिच्या अंगावर येत असेल तर झडप वर करा. एप्रिल-मेमध्ये घामाने भिजून आलेला माणूस थंड झोतात बसला की पाच मिनिटांत कुडकुडतो, आणि ते कुडकुडणं भीतीसारखं दिसतं, त्यालाही आणि तुम्हालाही. सॅक ठेवायला बाजूला एक रिकामी खुर्ची हवी. जागा नसली की सॅक मांडीवर येते, मग हात अडकतात, आणि पुढचा अर्धा तास माणूस पोत्यामागे लपल्यासारखा बसून राहतो. पावसाळ्यात ओली छत्री दाराबाहेरच बादलीत ठेवायची सोय करा.

रिसेप्शनवरच्या व्यक्तीला दोन कामं सांगून ठेवा. एक, आल्याबरोबर स्वच्छतागृह कुठे आहे ते न विचारता सांगायचं. लोकलने लांबून आलेली माणसं, विशेषतः मुली, वाटेत जायची सोय नाही म्हणून मुद्दाम कमी पाणी पिऊन निघतात. ही एक अडचण आधी सुटली तरच तुमच्या टेबलावरचं पाणी पोटात जाईल. दोन, आल्या आल्या आत पाठवायचं नाही. पाच मिनिटं पंख्याखाली बसू द्यायचं. वेळेच्या आधी आलेल्यांना हे सहज मिळतं, उशिरा आलेल्यांना मिळत नाही. त्यांच्याबद्दल पुढे.

पाण्याचा ग्लास

भीतीने तोंड कोरडं पडतं त्याला साधं कारण आहे. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत गेलं की लाळ कमी होते आणि चिकट होते, जीभ टाळूला लागते, शब्द अडखळतात. त्याच वेळी बोटांकडचा रक्तपुरवठा आखडतो, हात गार पडतात आणि थरथरतात. म्हणजे पाणी हवं तर आहे, पण ते उचलायला लागणारा हात धड नाही. पाणी कसं ठेवायचं हे यावरून ठरवायचं.

ग्लास आधीच भरून, झाकण ठेवून तयार असावा. साधारण २०० मिलीचा, बुडाला जड, दोन तृतीयांश भरलेला. काठोकाठ भरलेला ग्लास थरथरत्या हाताने उचलता येत नाही, हे उमेदवाराला कळतं आणि तो उचलतच नाही. कागदाचा पातळ कप बोटांत दबतो. सीलबंद छोटी बाटली सोयीची वाटते, पण गार, घामेजल्या बोटांनी झाकण फिरत नाही, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच बाटली उघडता न येणं ही नवीन नामुष्की होते. शिवाय आपल्याकडे बाटली तोंडाला न लावता वरून पाणी प्यायची अनेकांची सवय आहे. हात कापत असेल तर ते पाणी शर्टावर जातं. बाटलीच द्यायची असेल तर सोबत ग्लास हवाच, आणि शेजारी एक-दोन टिश्यू.

पाणी साधं ठेवा, फ्रीजमधलं नको. फार गार पाण्याने काहींच्या घशाला ठसका लागतो. ग्लासाबाहेर दव धरतं आणि त्याचा गोल डाग नेमका मार्कशीटवर उमटतो. ग्लास टेबलाच्या कडेपासून वीतभर आत, तिच्या उजव्या हाताला, कागदांपासून दूर. डावखुरी असेल तर ती स्वतःच सरकवून घेईल.

मग येतं ते वाक्य, आणि इथे बहुतेक चांगल्या मनाची माणसं चुकतात. ती विचारतात, ‘पाणी घेणार का?’ आपल्याकडे या प्रश्नाला संस्काराने ठरलेलं उत्तर आहे: ‘नको नको, ठीक आहे.’ घरी पाहुणे गेलो तरी पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं, आणि यजमान दुसऱ्यांदा आग्रह करतो तेव्हा घ्यायचं असतं. मुलाखतीत दुसऱ्यांदा आग्रह कुणी करत नाही. एकदा नको म्हटल्यावर नंतर मागायची लाज वाटते, आणि कोरडा घसा तसाच राहतो. म्हणून विचारू नका, ठेवा. म्हणा: ‘हे पाणी तुमच्यासाठी ठेवलंय. मध्येच प्यावंसं वाटलं तर खुशाल थांबून प्या.’ एवढं म्हणून स्वतःच्या ग्लासातून एक घोट घ्या. मोठं माणूस आधी प्यायलं की धाकट्याचा संकोच सुटतो. बोलून जे होत नाही ते या एका घोटाने होतं.

ती प्यायला लागली तर नजर कागदाकडे वळवा आणि काही विचारू नका. तोंडात पाणी असताना प्रश्न आला की माणूस घाईने गिळतो आणि ठसका लागतो. ती प्यायलीच नाही तर पुन्हा सुचवू नका. एकादशीचा निर्जळी उपास असेल, रमजानचा रोजा असेल, कारण काहीही असू शकतं आणि ते विचारायचं नसतं.

चहा पहिल्या मिनिटात अजिबात नको. कपबशी थरथरत्या हातात वाजते, चहा गरम असतो, तो संपवायचा की ठेवायचा हे कळत नाही, आणि शेजारी बिस्किटं आली तर चावता चावता उत्तर कसं द्यायचं हा पेच पडतो. द्यायचाच असेल तर मुलाखत झाल्यावर बाहेर.

ते साठ सेकंद

आता मानसीच्या मुलाखतीत हे मिनिट कसं जाईल ते पाहू. शिपायाकडून ‘आत बोलावलंय’ असा निरोप पाठवण्याऐवजी मॅडम स्वतः उठून रिसेप्शनपर्यंत जातात. याने दोन गोष्टी होतात. एक, पहिली भेट टेबलाच्या दोन बाजूंना न होता उभ्याने होते. दुसरं, खोलीपर्यंतची दहा-पंधरा पावलं सोबत चालली जातात. चालताना नजरेला नजर भिडवावी लागत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तेच हवं असतं.

‘मानसी? नमस्कार,’ मॅडम म्हणतात, स्वतःचं नाव सांगतात, ‘मी इथली लॅब बघते. या, आतच बसू.’ नमस्कारच बरा. घामेजलेला हात पुढे करावा लागणं हे उमेदवाराला नकोसं असतं, आणि समोर स्त्री-पुरुष कोण आहे त्यावर हात मिळवायचा की नाही हा गोंधळही उरत नाही. उमेदवाराने आपणहून हात पुढे केला तर जरूर मिळवा. तुम्ही जोडलेले हात आणि त्याचा पुढे आलेला हात, असं अधांतरी सोडू नका.

चालताना एखादं वाक्य, पण प्रश्न नको. ‘सकाळी ट्रान्स-हार्बरला बरीच गर्दी असते’ एवढंच. ‘कसं आलात?’, ‘किती वेळ लागला?’ हे प्रश्न तुम्हाला साधे वाटतात, पण बदलापूरहून आलेल्या मुलीच्या कानात त्याचा अर्थ ‘रोज एवढ्या लांबून जमणार आहे का तुला?’ असा होतो. आणि खरं सांगायचं तर काही मुलाखतकारांच्या मनातही तोच असतो. हा प्रश्न कामाच्या वेळांबद्दल बोलताना शेवटी, सगळ्यांना सारखाच विचारा.

खोलीत आल्यावर खुर्ची दाखवा. ‘इथे बसा, सॅक त्या खुर्चीवर ठेवा.’ बसा म्हटल्याशिवाय न बसण्याची शिकवण घेऊन आलेली मुलं खुर्चीमागे उभी राहतात, आणि मुलाखतकार स्वतः बसून कागद चाळायला लागला की ती तशीच ताटकळतात. सोबतचे एचआरचे गृहस्थ इथे मान वर करून, हसून स्वतःचं नाव आणि काम एका वाक्यात सांगतात. समितीत दोघं-तिघं असतील तर पहिलं मिनिट एकाच व्यक्तीने बोलायचं हे आधी ठरवा. बाकीच्यांनी लॅपटॉप मिटून, मोबाइल पालथा ठेवून ऐकायचं. समोर दोन जण टाइप करत असतील तर तिसऱ्याच्या हसण्याचा उपयोग होत नाही.

इथपर्यंत पंचवीस-तीस सेकंद झाले. मग पाण्याचं ते वाक्य आणि मॅडमचा स्वतःचा घोट. त्यानंतर, नेहमीपेक्षा थोड्या सावकाश आवाजात, पुढच्या अर्ध्या तासाचा नकाशा:

‘आपल्याकडे तीस मिनिटं आहेत. आधी वीस मिनिटं मी तुमच्या कॉलेजमधल्या लॅबच्या कामाबद्दल विचारेन. मग हे पाच मिनिटं कामाच्या वेळा आणि प्रशिक्षणाबद्दल सांगतील. शेवटची पाच मिनिटं तुमची, तुम्ही आम्हाला विचारायचं. मी मधूनमधून लिहीन, ते सगळ्यांचंच लिहिते. मराठीत बोललं तरी चालेल, शब्द इंग्रजीत आठवला तर इंग्रजीत.’

लिहिण्याचा खुलासा महत्त्वाचा आहे. न सांगता पेन चाललं, की उमेदवार प्रत्येक वेळी ‘आपलं काहीतरी चुकलं’ असं समजतो आणि वाक्य अर्ध्यात सोडतो. भाषेचं आश्वासन मात्र खरं असेल तरच द्या. कामात इंग्रजीत अहवाल लिहावे लागणार असतील तर तसंच सांगा: ‘शेवटी दोन मिनिटं इंग्रजीत बोलू, कारण अहवाल इंग्रजीत असतात. बाकी मराठीत.’ समितीत कुणाला मराठी येत नसेल तर तेही याच वेळी सांगायचं. नाहीतर सुरुवात मराठीत आणि दहाव्या मिनिटाला एकदम इंग्रजी, असा धक्का बसतो.

प्रश्न मागण्याची रीत

नकाशा सांगून झाल्यावर मिनिटाचा शेवट उमेदवाराच्या प्रश्नाने करायचा. हा भाग बहुतेक ठिकाणी होतच नाही. होतो तेव्हा ‘काही शंका नाही ना?’ या स्वरूपात होतो, आणि या वाक्याचं उत्तर ‘नाही मॅडम’ हेच असतं. ‘नाही ना’ म्हणताना तुम्ही उत्तर तिच्या तोंडात घालता.

शब्दांच्या अशा बारीक फरकाने किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतून आला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्या डॉक्टरांनी रुग्णांना ‘अजून काही नाही ना?’ या धाटणीचा प्रश्न विचारला, आणि निम्म्यांनी ‘अजून काही सांगायचंय?’ या धाटणीचा. इंग्रजीत हा फरक फक्त एका छोट्या शब्दाचा होता. पण मनात असून न बोलल्या गेलेल्या तक्रारी दुसऱ्या पद्धतीत ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. तो अभ्यास मुलाखतींचा नव्हता आणि मराठीतही नव्हता, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लागू करू नये. पण होकार गृहीत धरून विचारावं, नकार गृहीत धरून नव्हे, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

म्हणून मॅडम म्हणतात: ‘सुरू करण्याआधी, या मुलाखतीबद्दल तुम्हाला काय विचारायचंय? काही जण विचारतात की उत्तर चुकलं तर नंतर दुरुस्त करता येईल का, काही विचारतात निकाल कधी कळेल. यातलं काहीही विचारा.’

या वाक्यात तीन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. ‘काय’ हा शब्द प्रश्न आहे असं धरूनच चालतो. ‘या मुलाखतीबद्दल’ म्हटल्याने कक्षा छोटी होते. ‘काहीही विचारा’ एवढंच म्हटलं तर माणूस हुशार दिसेल असा प्रश्न शोधायला लागतो, म्हणजे आणखी एक परीक्षा सुरू होते. आणि तिसरं, दोन नमुने दिल्यामुळे साधा प्रश्न विचारणं शोभतं, हे आधीच ठरून जातं. पगार, शिफ्ट, बसची सोय हे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांसाठी आहेत हे नकाशात सांगून झालेलंच आहे.

मग थांबा. सर्वांत अवघड काम हेच. सहज गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो, म्हणून दोन सेकंदांची शांतताही आपल्याला टोचते आणि आपण ‘बरं, मग सुरू करूया’ म्हणून मोकळे होतो. शिक्षकांवरच्या १९७०च्या दशकातल्या अभ्यासात असंच दिसलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत, आणि तीन सेकंद थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि भरीव झाली. तुम्ही मनात सावकाश एक ते पाच मोजा. त्या वेळात तिच्याकडे रोखून पाहू नका. नजर मऊ ठेवून टेबलावरच्या कागदाकडे आणि परत तिच्याकडे, एवढं पुरे.

मानसी तिसऱ्या सेकंदाला विचारते, ‘मॅडम, एखाद्या प्रयोगाचं आठवलं नाही तर…?’ मॅडम उत्तर देतात: ‘तर आठवत नाही म्हणा. मी दुसरा प्रयोग विचारेन. नंतर आठवलं तर मध्येच सांगा, मी परत मागे येईन.’ एवढंच. ‘छान प्रश्न विचारलात’ असं म्हणू नका. त्याने साध्या प्रश्नालाही शेरा मिळतो, आणि मग पुढचा प्रश्न शेऱ्याच्या लायक आहे का, हे ती तोलायला लागते. दिलेलं वचन मात्र कागदाच्या कोपऱ्यात लिहा, कारण ते पाळायचं आहे. तिने काहीच विचारलं नाही तर पाच सेकंदांनंतर म्हणा, ‘मध्येच सुचलं तर थांबवा मला,’ आणि पुढे चला. आग्रहाने प्रश्न काढायचा नाही.

लगेच नंतरचा प्रश्न

‘तुमच्याबद्दल सांगा’ हा सगळीकडे पहिला विचारला जाणारा प्रश्न इथे टाळा. ट्रियरच्या चाचणीत ताण आणायला जे करायला लावतात, नेमकं तेच तो करायला लावतो: स्वतःची बाजू अनोळखी लोकांसमोर मांडा. शिवाय पाठ केलेलं भाषण ऐकून तुम्हाला काही कळत नाही. त्याऐवजी बायोडाट्यातली ती पेन्सिलने अधोरेखित केलेली ओळ घ्या. ‘शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला कोणती टायट्रेशन्स केलीत?’ याचं उत्तर तिला माहीत असतंच, ते हाताने केलेलं काम असतं, आणि बोलता बोलता ब्युरेट, पिपेट, इंडिकेटर हे ओळखीचे शब्द तोंडात येतात. दुसरा प्रश्न एक पायरी वर: ‘एंड पॉइंट आला हे कसं ओळखायचात? रंग जास्त गडद झाला तर काय करायचात?’ खरी मुलाखत इथून सुरू होते.

मिनिट कामी आलं की नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या उत्तराला दिसतं. फाइल हातातून टेबलावर येते. उत्तरं ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’ यावरून दोन-तीन वाक्यांवर जातात. हात बोलण्यासोबत हलायला लागतात. ती तुमचा प्रश्न परत विचारते, ‘म्हणजे स्टँडर्डायझेशन म्हणताय का?’ हे सगळ्यांत चांगलं लक्षण. याउलट पाचव्या मिनिटालाही श्वास वरच्यावर असेल, वाक्यं मध्येच तुटत असतील, तर आणखी धीर देऊ नका. एखादं कागदावरचं काम द्या: ‘ही रीडिंग्ज बघा, दोन मिनिटं घ्या, मग बोलू.’ डोळे कागदावर गेले की न्याहाळलं जाण्याचा ताण उतरतो.

जिथे हे मिनिट बिघडतं

‘घाबरू नका’, ‘रिलॅक्स’, ‘एवढं टेन्शन काय घेताय?’ ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात आणि नुकसान करतात. आपली भीती बाहेरून दिसते आहे, हे तिला त्या क्षणी कळतं, आणि आता ती लपवायचं जास्तीचं काम सुरू होतं. भीतीचं नावच न घेता ती कमी करायची असते.

दुसरी चूक गावाची. ‘मूळचे कुठले तुम्ही?’, ‘हे आडनाव कोकणातलं ना?’, ‘घरी कोण कोण असतं?’ ओळख काढायची ही आपली जुनी, जिव्हाळ्याची रीत आहे, पण मुलाखतीच्या टेबलावर ती वेगळी लागते. आडनावावरून जात शोधली जाते आहे असं कुणालाही वाटू शकतं, आणि घरच्या प्रश्नांतून मुलींना लग्नाबद्दल विचारल्यासारखं वाटतं. ज्याचं गाव तुमच्या गावाजवळ निघालं त्याच्याशी गप्पा रंगतात, दुसऱ्याशी रंगत नाहीत, आणि त्या रंगण्याचे गुण नकळत दिले जातात. २०१० मधल्या एका अभ्यासात, प्रश्न सुरू व्हायच्या आधीच्या गप्पांतून बनलेलं मत आणि शेवटचे गुण यांचा संबंध आढळला होता. म्हणून या मिनिटाची वाक्यं एका कार्डावर लिहून ठेवा आणि सगळ्यांना तीच म्हणा. गुणपत्रिकेत या मिनिटासाठी रकाना ठेवू नका. पाणी प्यायलं की नाही, प्रश्न विचारला की नाही, याला गुण नाहीत. ‘आत्मविश्वास’ असा रकाना असेल तर तोही पाहा: लॅबमधल्या केमिस्टला तो खरोखर लागतो का?

उशिरा आलेल्यासाठी क्रम थोडा बदलतो. समजा मध्य रेल्वे रखडली, किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात येणारा घोडबंदर रोडला अडकला, आणि बारा मिनिटं उशीर झाला. तो दारातच खुलासा सुरू करतो. तो एकदा ऐका आणि बंद करा: ‘कळलं, असं होतं. तुम्हाला पूर्ण तीस मिनिटं मिळतील. आधी दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मी येतेच.’ आणि खरंच उठून बाहेर जा. तुम्ही खोलीत नसलात की तो घाम पुसतो, केस नीट करतो, श्वास घेतो. पूर्ण वेळ देणं शक्य नसेल तर खोटं सांगू नका. ‘वीस मिनिटं आहेत, त्यात बसेल असं विचारेन’ म्हणा.

या मिनिटाची ताकद किती, हेही ओळखून असावं. कॉर्टिसॉल सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. गाडीत सुरू झालेला ताण एका घोटाने जात नाही. म्हणून पहिल्या उत्तराचे गुण लगेच पक्के करू नका. पेन्सिलने लिहा, आणि पंचविसाव्या मिनिटाला तोच प्रश्न पुन्हा काढा: ‘सुरुवातीला एंड पॉइंटचं विचारलं होतं, त्यात काही भर घालायची आहे?’ मानसीने सुरुवातीला फक्त ‘रंग बदलतो’ म्हटलं असेल, तर आता ती सांगू शकते की फिनॉल्फ्थेलिनला फिका गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं, गडद गुलाबी झालं म्हणजे थेंब जास्त पडले, रीडिंग टाकून पुन्हा करायचं. गुण या उत्तराचे लिहा.

ती गेल्यावर ग्लास उचलून दुसरा, धुतलेला आणि भरलेला आणा, टेबलावरचा पाण्याचा डाग पुसा, वापरलेले टिश्यू हलवा, खुर्ची पुन्हा तिरकी करा, तिचा बायोडाटा पालथा घाला. पुढचं नाव देवनागरीत काय लिहिलंय ते वाचा, एकदा मोठ्याने म्हणून पाहा, आणि रिसेप्शनकडे निघा.